बीएमआय हिरवा, एबीएसआय लाल : मग पोटाचं खरं काय?

प्रश्न : वय ४१, उंची १६८ सेंमी, वजन ६६ किलो, पोटाचा घेर ९२ सेंमी (पँट मात्र ३४ नंबरची बसते). बीएमआय २३.४ आला, म्हणजे नॉर्मल. मग एका वेबसाइटवर बीआरआय, म्हणजे बॉडी राउंडनेस इंडेक्स काढला, तो ४.३ आला, हिरव्या रंगात. तिथेच एबीएसआय, म्हणजे ‘अ बॉडी शेप इंडेक्स’, ०.०८६८ आला आणि तो थेट लाल, ‘धोका खूप जास्त’. वडिलांना पन्नाशीत मधुमेह झाला. हे दोन नवे निर्देशांक बीएमआयपेक्षा चांगले असं सगळीकडे वाचतोय, पण ते आपसातच भांडतायत. कुणाचं ऐकू?

उत्तर : भांडण आकड्यांचं नाही, रंगांचं आहे. तुम्ही त्या वेबसाइटला तीनच गोष्टी सांगितल्या: उंची, वजन आणि कंबर. बीएमआयने त्यातली उंची आणि वजन घेतलं, बीआरआयने उंची आणि कंबर घेतली, एबीएसआयने तिन्ही घेतल्या. यापलीकडे त्यांना तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. मी बावीस वर्षं मुख्यतः मधुमेहाचे पेशंट बघते आहे आणि गेल्या काही वर्षांत असे प्रिंटआउट घेऊन येणारे बरेच वाढलेत. त्यामुळे ‘कुणाचं ऐकू’ याआधी प्रत्येक आकडा नेमकं काय विचारतोय ते सांगते. ते कळलं की तुमच्या बाबतीतला गोंधळ आपोआप सुटेल.

बीएमआयवर फार वेळ घालवत नाही. हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात केतले या बेल्जियन गणितज्ञाने माणसांच्या समूहांचा अभ्यास करताना मांडलं. त्याला आजचं नाव १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं. वजनातली चरबी किती, स्नायू किती, आणि चरबी असेल तर मांडीवर आहे की पोटात, हे त्याला कळत नाही. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. डेक्सा स्कॅन काढला तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांनी स्वतःचेच फोटो आणि आकडे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. आमच्या वर्तुळात तो ‘वाय-वाय पॅरडॉक्स’ म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, ही ठेवण घरोघरी दिसते. बीएमआय नेमका तिथे गप्प बसतो.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची रेघ खाली ओढलेली आहे. २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा, असं आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्येच ठरवलं. तुमचा २३.४ हिरवा दिसला कारण त्या वेबसाइटने २५ ची रेघ वापरली. पहिला रंग इथेच बदलला.

आता बीआरआय. २०१३ मध्ये डायना थॉमस या गणितज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. कल्पना सुंदर आहे: माणसाला उभं अंडं समजा, म्हणजे लंबवर्तुळ. उंची हा त्याचा लांब अक्ष आणि कंबरेच्या घेरावरून निघते ती रुंदी. ग्रहांच्या कक्षा किती चपट्या आहेत हे मोजायला जे माप वापरतात तेच इथे माणसाला लावलं. सूत्र असं, त्यात WC म्हणजे कंबरेचा घेर:

```
BRI = 364.2 - 365.5 * sqrt(1 - ((WC / (2*pi))^2 / (0.5*height)^2))
```

(३६५.५ चा वर्षातल्या दिवसांशी संबंध नाही. उत्तर साधारण १ ते १६ च्या मध्ये यावं म्हणून केलेली ती मांडणी आहे. हा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय.)

सूत्र नीट पाहा. त्यात वजन कुठेच नाही. कंबरेला २π ने आणि उंचीला २ ने भागलंय, पण शेवटी उरतं ते फक्त कंबर भागिले उंची. ते गुणोत्तर वाढलं की बीआरआय वाढतो, कमी झालं की कमी होतो, कधीही उलट होत नाही. म्हणजे शंभर माणसांना कंबर-उंचीच्या गुणोत्तराने रांगेत उभं केलं आणि मग त्याच शंभरांना बीआरआयने उभं केलं, तर एकाचीही जागा बदलणार नाही. धोक्याची माणसं बिनधोक्यांपासून वेगळी काढण्याची दोघांची ताकद म्हणूनच तंतोतंत सारखी. ‘बीआरआयने बीएमआयला हरवलं’ अशी बातमी वाचलीत तर मनात ‘कंबर-उंची गुणोत्तराने हरवलं’ असं वाचा. ते खरंही आहे, पण त्यासाठी वर्गमूळ काढायची गरज नव्हती. मी स्वतः दवाखान्यात बीआरआय काढत नाही. उंचीएवढी सुतळी घ्यायची, मधोमध दुमडायची आणि पोटाभोवती फिरवायची. टोकं जुळली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त. ज्यांच्या घरात करगोटा दरवर्षी सैल करावा लागतो त्यांना ही चाचणी समजावून सांगावी लागत नाही.

मग तुमचा ४.३ हिरवा का? इथे खरी गंमत आहे आणि तिच्यावर जरा थांबायला हवं.

बीआरआय जगभर बातम्यांत आला तो २०२४ च्या एका अमेरिकी अभ्यासामुळे. १९९९ ते २०१८ या काळातल्या सुमारे ३३ हजार प्रौढांची माहिती त्यात होती. बीआरआयनुसार त्यांचे पाच गट केले आणि मधला गट, ४.५ ते ५.५, तुलनेसाठी धरला. त्याच्याशी ताडून पाहता ६.९ आणि वरच्या गटात मृत्यूचा धोका ४९ टक्के जास्त निघाला, आणि ३.४ च्या खालच्या गटातही २५ टक्के जास्त. आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा. बऱ्याच वेबसाइटींनी याच पाच गटांना रंग फासले. तुमचा ४.३ दोन्ही धोक्याच्या टोकांच्या मध्ये पडतो, म्हणून हिरवा.

आता हे गट तुमच्या उंचीवर सेंटिमीटरमध्ये उतरवून पाहा. १६८ सेंमी उंचीला बीआरआय ४.५ म्हणजे जवळपास ९४ सेंमी कंबर, ५.५ म्हणजे १०१ सेंमी. धोक्याचा गट सुरू होतो तो १११ सेंमीपासून. म्हणजे तुलनेसाठी धरलेला अमेरिकी ‘मधला’ माणूस तुमच्या उंचीचा असता तर त्याचं पोट ९४ ते १०१ सेंमी असतं. मी पुण्यात बसून ९८ सेंमीच्या पोटाला ठीक म्हणू शकत नाही. भारतीय पुरुषासाठी आम्ही ९० सेंमीला आणि स्त्रीसाठी ८० सेंमीला सावध होतो. मधला गट हा त्या देशातला मधला होता, निरोगीपणाचा मापदंड नव्हता.

दुसरं टोक त्याहून गमतीचं. कंबर बरोबर उंचीच्या निम्मी असेल तर बीआरआय किती येतो? ३.३६. म्हणजे ‘कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा’ हा आमचा सल्ला जो पाळतो, तो माणूस त्या अभ्यासातल्या सगळ्यात खालच्या, ‘२५ टक्के जास्त धोक्याच्या’ गटात जाऊन बसतो! मग पोट वाढवायला सांगायचं का? अर्थातच नाही. त्या खालच्या गटात बारीक आणि तंदुरुस्त माणसं असतात, तशीच आजाराने वाळलेलीही असतात. दीर्घ फुप्फुसविकार, न सापडलेला कॅन्सर, म्हातारपणी झडलेले स्नायू, सततचं धूम्रपान यात माणूस आधी बारीक होतो आणि मग जातो. कंबर लहान म्हणून तो गेला नाही. जायला लागला होता म्हणून कंबर लहान झाली. हा गुंता गणिताने पूर्ण सोडवता येत नाही. त्यामुळे खालचं टोक बघताना मी एवढंच विचारते: हा माणूस पहिल्यापासून असाच आहे, की सहा महिन्यांत असा झालाय? दुसरं असेल तर निर्देशांक बाजूला ठेवून तपासण्या.

एबीएसआयची गोष्ट वेगळी आहे आणि तुमचा लाल रंग तिथलाच आहे. नीर क्राकावर आणि जेसी क्राकावर या मुलगा-वडिलांनी तो २०१२ मध्ये मांडला. त्यांनी अमेरिकेच्या १९९९ ते २००४ च्या आरोग्य सर्वेक्षणातले १४,१०५ प्रौढ घेतले आणि एक चतुर प्रश्न विचारला: एवढी उंची आणि एवढं वजन असलेल्या माणसाची कंबर साधारण जेवढी असते, तिच्यापेक्षा याची कंबर किती जास्त किंवा कमी आहे?

```
ABSI = WC / (BMI^(2/3) * height^(1/2))     # WC, height in metres
```

दोन-तृतीयांश आणि एक-द्वितीयांश हे घातांक असे निवडलेत की उत्तराचा बीएमआयशी जवळपास संबंधच उरू नये. हेच त्याचं बळ आणि हीच त्याची मर्यादा. बळ असं की बीएमआयने जे सांगितलं ते पुन्हा न सांगता तो उरलेलं सांगतो. सारख्या वजनाच्या दोघांपैकी ज्याचं पोट मोठं, त्याच्या अंगावर बाकी ठिकाणी कमी वजन आहे, म्हणजे बहुधा स्नायू कमी. पोटाच्या आत आतड्यांभोवती साचलेल्या चरबीतलं रक्त थेट लिव्हरला जातं, आणि साखर जिरवायचं मोठं काम करतात ते स्नायू. पहिली जास्त आणि दुसरे कमी ही जोडी वाईट. म्हणून मृत्यूचं भाकीत करण्यात एबीएसआय बीएमआयपेक्षा सरस ठरला. पुढे ब्रिटनमधल्या माहितीवरही तेच दिसलं.

मर्यादा अशी की तो एकटा फिरू शकत नाही. १६८ सेंमी उंची आणि ९२ सेंमी कंबर असलेले तीन पुरुष घ्या. तिघांचाही बीआरआय ४.३ च येईल, कारण वजनाशी त्याला देणंघेणं नाही. पण एबीएसआय? ६० किलोवाल्याचा ०.०९२५, तुमचा ०.०८६८ आणि ७५ किलोवाल्याचा ०.०७९७. म्हणजे ७५ किलोवाला हिरवा दिसेल. त्याचा बीएमआय मात्र २६.६ आहे, आपल्या निकषांत लठ्ठ. एबीएसआयने त्याला निर्दोष ठरवलं असं नाही. ‘या वजनाला एवढं पोट असतंच’ एवढंच तो म्हणाला. म्हणूनच २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा चित्र दुभंगलेलं निघालं: मृत्यूच्या बाबतीत एबीएसआय बीएमआयच्या आणि नुसत्या कंबरेच्या पुढे, पण मधुमेह आणि रक्तदाब ओळखण्यात दोघांच्याही मागे. तुम्हाला काळजी आहे ती मधुमेहाची. ज्या कामात हा निर्देशांक कच्चा आहे, नेमकं तेच काम तुम्ही त्याला सांगताय.

शिवाय एबीएसआय वयाबरोबर चढतो आणि पुरुष-स्त्रियांत वेगळा असतो. त्यामुळे नुसता आकडा न वाचता तो आपल्या वयाच्या आणि लिंगाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते वाचायचं असतं. मूळ तक्ता अमेरिकी लोकांचा आहे. बहुतेक प्रौढांचे आकडे ०.०७ ते ०.०९ च्या चिंचोळ्या पट्टीत येतात, म्हणून सगळा फरक तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळावर. काही अ‍ॅप उत्तर दोन स्थळांपर्यंत गोल करतात. तिथे तुमचा ०.०८६८ सरळ ०.०९ होतो आणि ०.०८४ चा ०.०८. अशा अ‍ॅपवर वेळ घालवू नका.

एक पेशंट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. बँकेतले गृहस्थ, पंचेचाळिशीचे, उंची तुमच्याएवढीच. वजन ७४, कंबर ९८, एचबीए१सी ६.३, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आठ महिने त्यांनी मनापासून मेहनत घेतली. रात्रीचं जेवण लवकर, भात निम्मा, रोज पाऊण तास चालणं. वजन ६७ वर आलं, कंबर ९३ वर. आणि एक दिवस तोंड पाडून आले. “मॅडम, सगळं करून धोका वाढलाच की!” मोबाइल पुढे केला. एबीएसआय ०.०८५७ चा ०.०८६९ झाला होता.

हिशोब चुकलेला नव्हता. एबीएसआयमध्ये वजन छेदात आहे. वजन कमी झालं की छेद लहान होतो आणि उत्तर वाढतं. ते खाली ठेवायचं असेल तर वजन जितके टक्के उतरलं त्याच्या साधारण दोन-तृतीयांश टक्के तरी कंबर उतरायला हवी. यांचं वजन साडेनऊ टक्क्यांनी उतरलं होतं, कंबर पाच टक्क्यांनी. कंबर ९२ च्या खाली आली असती तर आकडा उतरला असता. त्यांचा बीआरआय मात्र ५.१ वरून ४.४ झाला आणि एचबीए१सी ५.८. ज्या माणसाची साखर उतरली, रक्तदाब सुधारला, पँटचे दोन नंबर कमी झाले, त्याला ‘तू जास्त धोक्यात आलास’ म्हणणारं माप मागोवा घेण्यासाठी निरुपयोगी आहे.

तरी तो आकडा मी पूर्ण झटकून टाकला नाही. इतकं वजन गेलं आणि कंबर त्या मानाने गेली नाही, म्हणजे गेलेल्या सात किलोंत चरबीबरोबर स्नायूही गेले असावेत अशी शंका आली. विचारलं तेव्हा कळलं, भात निम्मा केला तसं वरण आणि ताकही निम्मं झालं होतं आणि व्यायाम म्हणजे फक्त चालणं. मग डाळ, अंडी, पनीर वाढवलं आणि आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायला लावली. एबीएसआयचा एवढाच उपयोग मला पटतो: निदान म्हणून नाही, एक प्रश्न विचारायला लावणारा इशारा म्हणून.

इथवरचं थोडक्यात: बीएमआय वजनाबद्दल बोलतो. बीआरआय म्हणजे कंबर-उंचीचं गुणोत्तर, वेगळ्या पोशाखात. आणि एबीएसआय म्हणजे वजनाच्या मानाने पोट किती जास्त, म्हणून तो बीएमआयच्या शेजारी ठेवूनच वाचायचा. नवे दोन्ही कंबरेवर उभे आहेत. त्यामुळे कंबर चुकली की दोन्ही चुकले, आणि कंबर मोजण्यात लोक जेवढे चुकतात तेवढे क्वचितच कशात चुकत असतील.

तुम्ही कंसात टाकलेलं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पँट ३४ ची, म्हणजे साधारण ८६ सेंमी. हा आकडा टाकला असता तर बीआरआय ३.६ आला असता आणि एबीएसआय ०.०८११, सरासरीच्या आसपास. सहा सेंटिमीटरमध्ये लाल रंग नाहीसा. एका सेंटिमीटरच्या चुकीने तुमचा एबीएसआय ०.०००९ ने हलतो आणि जिथे सगळा खेळ तिसऱ्या दशांश स्थळावर आहे तिथे हे खूप झालं. पोट सुटलेला पुरुष पँट पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर बांधतो. म्हणून पोट कितीही वाढलं तरी नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो आणि तोच पुरावा म्हणून मला सांगितला जातो. बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीचा वळ दाखवून “इथे मोजा ना” म्हणतात. नाडीचा वळ ही मोजायची जागा नाही.

जागा अशी: बाजूला हात लावून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. शिंप्याकडे असते तशी न ताणणारी टेप त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवा. मागे ती खाली घसरते, म्हणून आरशात बघा किंवा घरच्यांना बघायला सांगा. कपडा मध्ये नको. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तो सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका. (सांगूनही सगळे ओढतात. मी त्या वेळी मुद्दाम काहीतरी गप्पा काढते.) सकाळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, दोनदा मोजा आणि एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. वर सांगितलेल्या अमेरिकी सर्वेक्षणात टेप कमरेच्या हाडाच्या लगेच वर लावतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत मध्यावर. एकाच माणसात, विशेषतः स्त्रियांत, या दोन जागांची मापं वेगळी येतात. म्हणून पद्धत कुठलीही धरा, पण दर वेळी तीच.

कंबरेलाही आत काय आहे ते दिसत नाही. कातडीखालची चरबी आणि पोटाच्या आतली चरबी टेपला सारखीच. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू फाकले असतील, हर्निया असेल, पोटात पाणी झालं असेल तर ही सगळी मापं फसतात. म्हातारपणी पाठीला बाक येऊन उंची घटली तर कंबर न वाढताही बीआरआय चढतो. आणि लहान मुलांना यातलं काही लावू नका, त्यांचे तक्ते वेगळे.

आता तुमचं. ९२ हे माप बरोबर आहे असं धरते, कारण पँटशी न जुळणारा आकडा तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलात, म्हणजे टेप बहुधा योग्य जागी होती. भारतीय रेघा लावल्या तर बीएमआय २३ च्या वर, कंबर ९० च्या वर, कंबर-उंची गुणोत्तर ०.५५, म्हणजे निम्म्याच्या वर. २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडचे लठ्ठपणाचे निकष सुधारले, त्यातही याच तीन रेघा आहेत. एबीएसआय लाल होताच. सांगा, भांडण कुठे उरलं? चारही मापं एकाच बाजूला बोट दाखवतायत: वजन थोडंच जास्त, पण आहे ते पोटावर. तुम्ही यात एकटे नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, बीएमआयने लठ्ठ ठरणारे २८.६ टक्के होते आणि पोटाने लठ्ठ ठरणारे ३९.५ टक्के.

‘लाल’ याचा अर्थ मात्र ‘आजार झाला’ असा काढू नका. निर्देशांक गर्दीतल्या माणसांच्या शक्यता सांगतो, तुमच्या रक्ताबद्दल त्याला काही ठाऊक नाही. तुमचं पुढे काय हे यावर अवलंबून आहे: वडिलांना झालेला मधुमेह (हा एकटा मुद्दा माझ्या दृष्टीने एबीएसआयच्या तिसऱ्या दशांशापेक्षा जड आहे), तुम्ही तंबाखू किंवा सिगारेट घेता का, रक्तदाब किती, रात्री घोरता का, आणि पोट आताच वाढलंय की पंचविशीपासून तसंच आहे. यातलं बरंच तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मी अंदाज करणार नाही.

या महिन्यात एवढ्या तपासण्या करून घ्या: उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, एसजीपीटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब. लिपिडमध्ये लोक कोलेस्टेरॉल बघून खूश होतात. तुमच्या ठेवणीच्या माणसात मी आधी ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल बघते. पहिलं १५० च्या वर आणि दुसरं ४० च्या खाली असेल तर पोटाने काम सुरू केलंय असं समजते. एसजीपीटी वाढलेलं निघालं तर लिव्हरमध्ये चरबी आहे का हे बघायला सोनोग्राफी. सगळं सरळ आलं तर पुढच्या वर्षी पुन्हा. वडिलांमुळे तुमच्या बाबतीत मी दोन-तीन वर्षं थांबणार नाही.

तोवर वेबसाइट बंद ठेवा. कॅलेंडरवर महिन्यातून एकदा दोनच आकडे लिहा, वजन आणि कंबर. पहिलं लक्ष्य ९२ वरून ८८, दुसरं ८४, कारण ते तुमच्या उंचीच्या निम्मे. वजन ६६ वरून फार खाली नेऊ नका, तुमच्याकडे घालवण्यासारखे स्नायू नाहीत. वजन तिथेच राहून कंबर चार सेंटिमीटर उतरली तरी मी ते यश धरेन, मग बीएमआय जागचा हलला नाही तरी चालेल. तपासणीला जायच्या आदल्या रात्री नेहमीचंच जेवा, दारू टाळा आणि दहा-बारा तास उपाशी राहा. नाहीतर ट्रायग्लिसराइड खोटं चढलेलं दिसतं आणि ती सुई परत टोचून घ्यावी लागते.